मध्यवर्ष वटाव

मध्यवर्ष वटाव : भविष्यात येणाऱ्या रोख प्रवाहांचे वर्तमान मूल्य काढताना प्रत्येक वर्षाची रक्कम वर्षअखेरीस नव्हे, तर वर्षाच्या मध्यावर येते असे मानण्याचा संकेत. r हा वटावाचा वार्षिक दर असेल, तर वर्षअखेरीच्या नेहमीच्या पद्धतीत t क्रमांकाच्या वर्षाची रक्कम (1+r)^t ने भागतात, येथे (1+r)^(t−0.5) ने भागतात. पहिल्या वर्षाचा घातांक ०.५, दुसऱ्याचा १.५, तिसऱ्याचा २.५ असा क्रम येतो.

व्यवसायात पैसा जवळजवळ रोज येतो-जातो. संपूर्ण वर्षाची रक्कम शेवटच्या दिवशी आली असे धरले, तर जानेवारीत हातात आलेल्या पैशालाही अकरा-बारा महिन्यांचा जादा वटाव लागतो आणि मूल्य खरे असते त्याहून कमी दिसते. समान वेगाने येणाऱ्या रकमेचा सरासरी काळ अर्धे वर्ष असतो, म्हणून मध्यबिंदू.

मुळाविषयी निश्चित विधान करणे कठीण आहे. ही कल्पना कंपनी-मूल्यांकनात विमागणितातून आली असावी, असे मानण्यास आधार आहे. विमागणितात अखंड वार्षिकीचे मूल्य वर्षअखेरीच्या वार्षिकीवरून i/δ या गुणकाने काढतात (δ म्हणजे व्याजाचा क्षणिक दर, ln(1+i)), आणि ही मांडणी १९ व्या शतकाच्या अखेरीपर्यंत रूढ झाली होती. मृत्यूचे दावे वर्षाच्या मध्यावर दिले जातात असे धरून अर्ध्या वर्षाचा घातांक वापरणे हीही तेथील जुनीच रीत. शासकीय व्यवहारात अमेरिकेच्या व्यवस्थापन व अर्थसंकल्प कार्यालयाचे A-94 हे १९९२ चे परिपत्रक उल्लेखनीय आहे. खर्च आणि लाभ सलग प्रवाहाने येत असतील, तर मध्यवर्ष गुणक अधिक योग्य, असे त्यात म्हटले आहे.

गुणकाची अचूकता : मध्यवर्ष पद्धतीत प्रत्येक वर्षाचे मूल्य वर्षअखेरीच्या मूल्याच्या (1+r)^0.5 पट होते. खऱ्या अखंड प्रवाहासाठी गुणक r/ln(1+r) हवा. दर १० टक्के असता पहिला १.०४८८ आणि दुसरा १.०४९२ येतो. हा फरक कोणत्याही अंदाजाच्या चुकीपुढे नगण्य आहे. ३० टक्के दरालाही तो सुमारे ०.३ टक्केच असतो. म्हणून काही काटेकोर लेखक अखंड सूत्राचा आग्रह धरत असले, तरी वर्गमूळ वापरणाऱ्यांचा पक्ष व्यवहारात पुरेसा ठरतो. पैसा प्रत्येक महिन्याच्या अखेरीस येत असेल, तर मात्र सरासरी काळ ६ नव्हे, ६.५ महिन्यांचा होतो आणि १० टक्के दराला गुणक १.०४५० वर उतरतो. म्हणजे सूत्राच्या निवडीपेक्षा पैसा प्रत्यक्ष कधी येतो हे तपासणे अधिक फलदायी.

अंतिम मूल्य : स्पष्ट अंदाजाच्या वर्षांनंतर येणाऱ्या सर्व प्रवाहांचे एकत्रित मूल्य म्हणजे अंतिम मूल्य. पद्धतीतील खरा वाद आणि बहुतेक चुका येथेच आहेत. समजा दर १० टक्के, तीन वर्षांचे प्रवाह १००, ११० आणि १२० एकके, त्यानंतर कायमची वाढ ४ टक्के. वर्षअखेरीच्या पद्धतीने तीन प्रवाहांची बेरीज २७१.९८ येते; मध्यवर्ष पद्धतीने ९५.३५, ९५.३५ आणि ९४.५६, एकूण २८५.२५. शाश्वत वाढीच्या सूत्राने अंतिम मूल्य १२४.८ ÷ ०.०६ = २०८०. प्रश्न असा, की हे २०८० तीन वर्षांनी वटवायचे की अडीच?

सूत्राची रचनाच उत्तर देते. चौथ्या वर्षाचा प्रवाह दर वजा कायमची वाढ, म्हणजे (r−g), ने भागला, की मिळणारे मूल्य त्या प्रवाहाच्या बरोबर एक वर्ष आधीचे असते. चौथ्या वर्षाचा प्रवाह साडेतीन वर्षांच्या बिंदूवर धरला आहे. म्हणून २०८० हे अडीच वर्षांच्या बिंदूवरचे मूल्य आहे. ते 1.1^2.5 ने भागल्यावर १६३९.०१ येते आणि एकूण मूल्य १९२४.२६ होते. पूर्ण तीन वर्षांनी वटवले, तर १५६२.७३ येऊन एकूण १८४७.९९ उरते, सुमारे ४ टक्के कमी. वर्षअखेरीच्या पद्धतीचे एकूण १८३४.७१ आहे, म्हणजे संकेत बदलूनही जवळजवळ काहीच बदललेले नसते. काही जण सावधगिरी म्हणून मुद्दाम पूर्ण वर्षांचा घातांक ठेवतात. पण ती सावधगिरी नसून एकाच प्रतिमानात दोन वेगळी गृहीतके मिसळणे आहे.

चूक ओळखण्याची सोपी खूण आहे. स्पष्ट अंदाजाचा काळ तीनवरून तेरा वर्षांवर न्यावा आणि वाढीव वर्षांत तीच ४ टक्के वाढ ठेवावी. अर्थव्यवहार तोच राहिल्याने मूल्य बदलता कामा नये. मिश्र पद्धतीत ते १८४८ वरून सुमारे १८८१ वर सरकते. सुसंगत पद्धतीत १९२४.२६ वरच राहते.

अंतिम मूल्य नफ्याच्या पटीवरून काढले असेल, तर नियम उलटतो. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी व्यवसाय विकला जाईल असे त्यात अभिप्रेत असते आणि विक्रीची रक्कम एकाच दिवशी येते. तेथे घातांक पूर्ण ३ हवा. अडीच वापरल्यास १० टक्के दराला ते मूल्य ४.९ टक्क्यांनी फुगते. त्यामुळे शाश्वत सूत्राच्या उत्तरातून निघणारी पट पडताळताना आधी २०८० ला 1.1^0.5 ने गुणून तिसऱ्या वर्षअखेरीचे २१८१.५ काढावे लागते आणि मग त्याला नफ्याने भागावे लागते.

तक्त्यातील अंमल : आकडेपत्रकातील निव्वळ वर्तमान मूल्य काढणारे NPV फंक्शन वर्षअखेर गृहीत धरते. पुढील रूपात पहिल्या वर्षापासूनचे प्रवाह C2:E2 मध्ये, दर B1 मध्ये आणि आजची गुंतवणूक ऋण चिन्हासह B2 मध्ये आहे :

```
=NPV(B1,C2:E2)*(1+B1)^0.5+B2
```

आजची गुंतवणूक कंसाबाहेर ठेवणे आवश्यक. ती NPV मध्ये घातली, तर एक वर्षाचा वटाव लागून पुन्हा वर्गमूळाने गुणली जाते. XNPV मध्ये तारखा द्याव्या लागतात, आणि वर्षमध्याची तारीख घातल्यास सुधारणेचा गुणक पुन्हा लावू नये. दुहेरी सुधारणा हा नेहमीचा दोष आहे.

अपूर्ण पहिले वर्ष : मूल्यांकनाची तारीख ३१ मार्च आणि हिशेबी वर्ष डिसेंबरअखेर असेल, तर पहिल्या वर्षाचे ०.७५ उरते. त्या उरलेल्या काळाचाच प्रवाह घ्यावा आणि घातांक त्याचा अर्धा, म्हणजे ०.३७५ असावा. दुसऱ्या वर्षाचा ०.७५ + ०.५ = १.२५, तिसऱ्याचा २.२५. ०.७५ मधून सरसकट ०.५ वजा करून ०.२५ लिहिणे चूक. अर्धा वजा करायचा तो त्या कालखंडाचा, वर्षाचा नव्हे.

मर्यादा : प्रवाह हंगामी असेल, तर मध्यबिंदू लागू होत नाही. वर्षाच्या पहिल्या नऊ महिन्यांत २० टक्के रक्कम आणि शेवटच्या तीन महिन्यांत ८० टक्के येत असेल, तर सरासरी काळ ०.२ × ०.३७५ + ०.८ × ०.८७५ = ०.७७५ वर्षे. तेथे t−0.225 हा घातांक घ्यावा किंवा तिमाही तक्ता मांडावा. वर्षअखेरीस एकरकमी मिळणारे भाडे किंवा लाभांश यांना मूळ वर्षअखेरीची पद्धतच बरोबर. एकाच प्रतिमानात अशा रकमा मिसळल्या असतील, तर त्यांच्या ओळी वेगळ्या ठेवून प्रत्येकीला तिचा घातांक द्यावा.