फटी भरल्या, तरी खालचं छत ओलंच

“बाथरूमच्या टाइल्सच्या फटी व्हाइट सिमेंटने भरल्या की खाली गळायचं थांबतं.”

असं बरेच जण मानतात, पण पाणी बहुधा उतरतं ते नहाणी ट्रॅपच्या कडेने आणि स्लॅबमधून पाइप जातो तिथून. गुळगुळीत पीव्हीसीला सिमेंट नीट धरत नाही, केसाएवढी फट राहते. म्हणून तिथे न आकसणारं ग्राउट भरून वॉटरप्रूफिंगचा थर पाइपवर वर चढवतात, ट्रॅपच्या तोंडापर्यंत नेतात. टाइल्सखाली संकन, म्हणजे बाथरूमपुरता खाली घेतलेल्या, स्लॅबच्या खड्ड्यात मुरलेलं पाणी फटी भरल्यानंतरही महिनोन्‌महिने झिरपतं.

या खड्ड्यात भराव टाकण्याआधीच तपासा. ट्रॅपला बूच मारा, खड्ड्यात पाणी भरा, भिंतीवर पेन्सिलीची खूण करा. शेजारी पाण्याची बादली ठेवा, तिच्यातही खूण करा; हवेत उडून किती पाणी जातं ते तिच्यावरून कळतं. 48 तासांनी बादलीपेक्षा खड्ड्यातलं पाणी जास्त उतरलं, तर खालच्या मजल्यावरून पाइपभोवती बोट फिरवून ओल लागते का बघा.