आपण 'पे' म्हणतो, समोरच्याला 'बे' का ऐकू येतं?

माझी मामेबहीण पल्लवी पहिल्यांदा अमेरिकेत गेली तेव्हा तिने एका कॉफीच्या दुकानातून कपाचा फोटो पाठवला होता, कपावर काळ्या मार्करने तिचं नाव लिहिलेलं आणि सुरुवातीलाच 'बी'. बल्लवी! घरच्या ग्रुपवर दोन दिवस हसणं चाललं, मामी तर म्हणाली तिथल्या लोकांचे कान तपासायला हवेत. पण पुढच्या आठवड्यात दुसऱ्या दुकानात परत 'बी', तेव्हा मला वाटलं की हे कानाचं काम नाही, काहीतरी वेगळंच आहे.

सध्या मी मराठी लोकांसाठी इंग्लिश बोलायच्या सरावाचं एक कॅरोसेल बनवतेय. एका स्लाइडवर रोजच्या कामाचं एक वाक्य आणि खाली उच्चाराची एक टिप, बस. पहिल्या स्लाइडसाठी वाक्य निवडलं 'कॅन आय पे बाय कार्ड?' आणि तिथेच अडकले, कारण पल्लवीचा 'बी' नेमका याच वाक्यात लपलाय.

मराठीत ओठांनी बंद करून सोडायचे चार आवाज आहेत: प, फ, ब, भ. इंग्लिशकडे या जागेवर दोनच, 'पे'मधला आणि 'बाय'मधला. आपण शाळेपासून धरून चाललोय की त्यांचा पहिला म्हणजे आपला प आणि दुसरा म्हणजे आपला ब. घोळ इथेच आहे.

'प' म्हणताना काय होतं ते बघा. ओठ मिटतात, आत हवा दाबली जाते, ओठ उघडतात आणि मग घशातल्या स्वरतंतूंची थरथर सुरू होऊन पुढचा स्वर ऐकू येतो. ओठ उघडणं आणि थरथर सुरू होणं यात किती वेळ जातो त्यावर सगळा खेळ आहे. आपल्या 'प'मध्ये हा वेळ जवळजवळ नसतोच, ओठ उघडले की स्वर हजर. 'ब'मध्ये तर थरथर ओठ उघडायच्या आधीच चालू झालेली असते. इंग्लिश 'पे' म्हणताना मात्र ओठ उघडल्यावर आधी नुसती हवा बाहेर येते, फुस्स, आणि मग स्वर.

अमेरिकेत ली लिस्कर आणि आर्थर अब्रॅमसन या दोघांनी 1964 मध्ये हा वेळ 11 भाषांमध्ये मोजला, आणि त्या 11 मध्ये आपली मराठी पण होती (मला हे वाचून उगाचच भारी वाटलं). त्यांच्या मोजणीत अमेरिकन इंग्लिशच्या शब्दाच्या सुरुवातीच्या 'प'मध्ये हा वेळ सरासरी 58 मिलिसेकंद निघाला, 'ट'मध्ये 70 आणि 'क'मध्ये 80. आणि 'ब'मध्ये? बऱ्याचदा जेमतेम 1. म्हणजे त्यांचा ब हा घड्याळाच्या हिशोबाने आपल्या प च्या अगदी शेजारी बसतो! आपण छान स्वच्छ मराठी 'प'ने 'पल्लवी' म्हटलं की त्यांच्या कानाला हवेचा झोत मिळत नाही, आणि झोत नाही म्हणजे ब, असा त्यांच्या मेंदूचा साधा सरळ निकाल. कॉफीवाल्याने ऐकलं ते बरोबरच ऐकलं.

आता गंमत अशी की हा झोत आपल्याला शिकायचाच नाहीये, तो आपल्याकडे जन्मापासून आहे. ख, ठ, फ. 'कार्ड' म्हणताना 'खडू'मधल्या ख सारखी थोडी हवा सोडली की काम झालं. ट साठी 'ठ'ची हवा, फक्त जीभ मागे वळवायची नाही, वरच्या दातांच्या मागे जो उंचवटा असतो तिथे टेकवायची.

फ मात्र आपल्याला फसवतो. मी पहिल्या ड्राफ्टमध्ये सरळ लिहिलं होतं "पे ला फे म्हणा" आणि शेजारच्या काकूंना दाखवलं, तर त्यांनी मस्तपैकी 'फॅन'मधला फ काढला, वरचे दात खालच्या ओठावर टेकवून. शहरात आता बहुतेक जण फळ, फुगा, फराळ सगळं असंच दात लावून म्हणतात, ओठ पूर्ण मिटून फ म्हणणारी माणसं आजी-आजोबांच्या पिढीत जास्त सापडतात. त्यामुळे 'फ म्हणा' ही टिप म्हणजे खड्ड्यातून निघून विहिरीत. मग सुचलं की 'पहा' हा शब्द भरभर म्हणायला लावायचा. पहा, पहा, प्हा, प्हा... ओठ मिटलेले राहतात आणि मागून ह येतो. तिथून 'प्हे'. काकूंना चौथ्या वेळी जमलं.

जमलं की नाही हे कसं कळणार? टिश्यू पेपरची किंवा वर्तमानपत्राची बोटभर रुंद पट्टी ओठांसमोर दोन बोटं अंतरावर लोंबती धरायची. 'पे' म्हटल्यावर पट्टी उडाली पाहिजे आणि 'बाय' म्हटल्यावर जागेवर राहिली पाहिजे. 'कार्ड'ला पट्टी फारशी हलत नाही कारण तिथे हवा घशाजवळून सुटते, त्यासाठी तळहात तोंडासमोर धरून गरम हवा लागते का बघायचं. लॅपटॉप असेल आणि हौस असेल तर Praat नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, उच्चारांवर काम करणारे लोक तेच वापरतात, त्यात आपला आवाज रेकॉर्ड करून 'पे' मोठा करून बघा. आधी एक उभा झटका दिसतो, ते ओठ उघडणं, मग बारीक खरखर, ती हवा, आणि मग एकसारख्या लाटा, तो स्वर. झटका आणि लाटा एकमेकांना चिकटलेले असतील तर अजून मराठी 'प' चाललाय.

नवीन शिकलेला माणूस मग सगळीकडेच हवा सोडायला लागतो, त्याचीही एक स्लाइड करावी लागली. हवा फक्त शब्दाच्या सुरुवातीला किंवा ज्या अक्षरावर जोर आहे त्याच्या सुरुवातीला. 'रिपीट'मध्ये जोर 'पीट'वर आहे म्हणून तिथे हवा, 'हॅपी'मध्ये जोर आधीच्या 'हॅ'वर आहे म्हणून पी साधाच. आणि स च्या मागे तर अजिबात नाही: स्पून, स्टॉप, स्कूल यांच्यातले प, ट, क हवेच्या बाबतीत आपल्या मराठीसारखेच असतात, तिथे काही करू नका.

दुसरा मोठा घोळ व चा, आणि त्यात आपल्या लिखाणाचा पण हात आहे. फोनवर रोज दिसणारे दोन शब्द घ्या, व्हॉट्सअ‍ॅप आणि व्हिडिओ. मराठीत दोन्ही 'व्ह'नेच लिहितो आपण, आणि इंग्लिशमध्ये दोघांची सुरुवात पूर्ण वेगळी आहे! व्हिडिओमध्ये वरचे दात खालच्या ओठाला हलके टेकतात आणि फटीतून हवा घासत बाहेर येते, डास गुणगुणल्यासारखा आवाज होतो आणि तो लांबवता येतो. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये दातांचा काही संबंध नाही, ओठ शिट्टी वाजवल्यासारखे गोल करून लगेच उघडायचे. आपला मराठी व या दोघांच्या मध्ये कुठेतरी, दात ओठाच्या जवळ जातात पण घासत नाहीत, त्यामुळे समोरच्याला कधी हा ऐकू येतो कधी तो. या स्लाइडचं वाक्य आहे 'व्हेन इज युवर व्हिसा इंटरव्ह्यू?' आणि टिप फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यात बघत म्हणायची: 'व्हेन'ला दात दिसता कामा नयेत, 'व्हिसा'ला दिसलेच पाहिजेत, आणि 'इंटरव्ह्यू'च्या शेवटी परत दिसले पाहिजेत.

खूप जणांना यातला फरक ऐकूच येत नाही आणि मग ते म्हणतात "आमचा कानच खराब". तसं नाहीये. कॅनडातल्या जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांचा 1984 चा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. इंग्लिश बोलणाऱ्या घरातल्या तान्ह्या बाळांना त्यांनी हिंदीतले 'त' आणि 'ट' ऐकवले, आवाज बदलला की बाळ मान वळवून खेळण्याकडे बघतं का ते पाहिलं. 6 ते 8 महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळत होता. 10 ते 12 महिन्यांपर्यंत तो कळणं जवळपास संपलं होतं, कारण घरात कोणी त आणि ट वेगळे वापरत नव्हतं. आपल्याला ताक आणि टाक यात गोंधळ होणं शक्य तरी वाटतं का? त्यांना होतो. तसंच आपल्या घरात कोणी वेगवेगळे दोन व वापरत नव्हतं म्हणून आपल्या मेंदूने पण ते एकाच डब्यात टाकले. मोठेपणी हा डबा उघडता येतो पण नुसतं ऐकून वेळ लागतो, म्हणून मी कान सोडून आरसा आणि कागदाची पट्टी धरली. शिवाय कॅरोसेल म्हणजे शेवटी चित्रंच, त्यात आवाज नाही, मग जी टिप डोळ्याने किंवा हाताने तपासता येते तीच ठेवायची असं ठरवलं.

आणि एक, हे सगळं परदेशी कानांसाठी आहे. नागपूरच्या माणसाने चेन्नईच्या माणसाशी इंग्लिश बोलताना असली पट्टीबिट्टी धरायची गरज नाही, तिथे दोघांचा प हवेशिवायच असतो आणि काम व्यवस्थित होतं.

शेवटच्या स्लाइडवर मी 'आय कॅन कम टुमॉरो' ठेवलंय, कारण इथे नुसता गैरसमज होत नाही, अर्थ उलटा होतो. आपण सगळे शब्द सारख्या वजनाने म्हणतो त्यामुळे 'कॅन' ठसठशीत येतो. अमेरिकन माणूस 'येऊ शकतो' म्हणताना तो शब्द चिरडून टाकतो, 'आय कन कम', आणि 'येऊ शकत नाही' म्हणताना मात्र कॅन पूर्ण आणि जोरात म्हणतो, वर शेवटचा ट घशातच गिळतो. म्हणजे तुमचा ठसठशीत 'कॅन' त्याला नकारासारखा वाटू शकतो आणि उद्या तो तुमची वाट बघणार नाही. उपाय फुकट आहे, आपल्या 'कणीक'मधलं 'क' आहे ना, तेवढाच छोटा अ ठेवायचा: कन. जोर सगळा 'कम'वर. आणि नाही म्हणायचं असेल तर ट च्या भरवशावर राहू नका, सरळ 'कॅनॉट' म्हणा.

पल्लवीला मी 'पहा'वाली युक्ती कळवली तर तिचं उत्तर आलं की ती आता कॉफीच्या दुकानात नाव 'मीना' सांगते.