शैक्षणिक ट्रस्टचे डीड: उद्देश, विश्वस्तांचे अधिकार आणि रिकाम्या जागेचा प्रश्न

शाळा किंवा वसतिगृह चालवण्यासाठी ट्रस्ट काढणारी मंडळी बहुतेक वेळा डीडचा, म्हणजे ट्रस्ट स्थापन करणाऱ्या दस्ताचा, तयार नमुना घेऊन येतात. नाव, पत्ता आणि रक्कम बदलली की झाले, असा समज असतो. धर्मादाय कार्यालयात नोंदणी होऊनही जाते. खरी अडचण पंधरा-वीस वर्षांनी येते. दोन विश्वस्त वारलेले असतात, तिसरे मुलाकडे परदेशी गेलेले असतात आणि बँक म्हणते, शेड्यूल वनवर, म्हणजे धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीच्या उताऱ्यावर, ज्यांची नावे आहेत त्यांच्याच सह्या चालतील. त्या दिवशी डीड उघडले जाते, आणि नेमके त्या पानावर काहीच लिहिलेले नसते. म्हणून अर्जाची प्रक्रिया सांगताना मी उद्देश, अधिकार आणि उत्तराधिकार या तीन कलमांवर जास्त थांबणार आहे.

आधी कायदा कोणता ते बघू. महाराष्ट्रात सार्वजनिक ट्रस्टला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० लागू होतो. पुष्कळ नमुन्यांच्या पहिल्याच ओळीत 'भारतीय न्यास अधिनियम, १८८२ अन्वये' असे छापलेले दिसते. तो कायदा खासगी ट्रस्टसाठी आहे, ती ओळ काढून टाका. १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली संस्था काढायची तर किमान सात सभासद लागतात आणि सर्वसाधारण सभा, निवडणूक हे सगळे आले. ट्रस्टला सभासद नसतात, कारभार विश्वस्त पाहतात. त्यामुळे पुढचा विश्वस्त कोण नेमणार याचे उत्तर डीडमध्येच असावे लागते. दुसरीकडे ते कुठेही मिळत नाही.

ट्रस्ट करणारी व्यक्ती सज्ञान, सुदृढ मनाची आणि देत असलेल्या मालमत्तेची मालक असली की पुरे. ती किती पैसे देते यावर पात्रता ठरत नाही. अकरा हजार रुपयांनीही ट्रस्ट सुरू होतो. विश्वस्त मात्र पाच किंवा सात ठेवा, म्हणजे मतदान समसमान अडकण्याची वेळ कमी येते, आणि सगळे एकाच घरातले ठेवू नका. शेतजमीन ट्रस्टला द्यायचा विचार असेल तर घाई करू नका. ट्रस्ट शेतकरी ठरत नाही, त्यामुळे कूळकायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. आधी रोख रकमेवर ट्रस्ट उभा करावा आणि जमिनीचे काम परवानगी घेऊन नंतर करावे, हे सोपे पडते. स्थावर मालमत्ता देताना दस्त दुय्यम निबंधकांकडे नोंदवावाच लागतो.

आता उद्देश. धर्मादाय हेतू म्हणजे काय ते १९५० च्या कायद्याच्या कलम ९ मध्ये दिले आहे आणि त्यात शिक्षण आहे. पण 'समाजात ज्ञानाचा प्रसार करणे' एवढेच लिहिले तर ते शिक्षण ठरेलच असे नाही. हुबळीच्या लोकशिक्षण ट्रस्टचा निकाल या बाबतीत वाचण्यासारखा आहे. लोकांना शिक्षित करणे हा त्या ट्रस्टच्या डीडमधला उद्देश होता आणि त्याखाली वृत्तपत्र चालत होते. प्राप्तिकराच्या सवलतीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १९७५ साली न्यायालयाने सांगितले की शिक्षण म्हणजे पद्धतशीर शिकवणे, शालेय शिक्षण किंवा प्रशिक्षण. माणसाला आयुष्यात जे काही ज्ञान मिळते ते सगळे नव्हे. सवलत नाकारली गेली.

म्हणून उद्देश कृतीत लिहा. उदाहरणार्थ: 'पूर्वप्राथमिक ते उच्च माध्यमिक शाळा स्थापन करणे व चालवणे, मुलींसाठी वसतिगृह चालवणे, गरजू विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती, पुस्तके व गणवेश देणे, शाळेस जोडून ग्रंथालय व प्रयोगशाळा चालवणे.' चार-पाच उद्देश पुरतात. गोशाळा, रुग्णवाहिका, भजनी मंडळ असे सगळे एकाच डीडमध्ये कोंबले की ट्रस्ट शैक्षणिक आहे हे सिद्ध करणे अवघड होते. 'आमच्या समाजाच्या मुलांसाठी' ही ओळही पुष्कळ जण प्रेमाने लिहितात. एका विशिष्ट जातीच्या किंवा धर्माच्याच लाभासाठी केलेल्या धर्मादाय ट्रस्टची प्राप्तिकर सवलत धोक्यात येते. अनुसूचित जाती, जमाती, मागासवर्ग, स्त्रिया आणि मुले यांच्यासाठीच्या ट्रस्टला त्यातून वगळलेले आहे. तेव्हा 'जात, धर्म, लिंग यांचा भेद न करता' हे शब्द घाला. त्याच कलमात दोन वाक्ये आणखी हवीत: हा ट्रस्ट अपरिवर्तनीय आहे, म्हणजे संस्थापकाला तो रद्द करून मालमत्ता परत घेता येणार नाही, आणि तो बंद करावा लागल्यास शिल्लक मालमत्ता विश्वस्तांना किंवा संस्थापकाच्या वारसांना न जाता समान उद्देशाच्या दुसऱ्या नोंदणीकृत ट्रस्टला जाईल.

विश्वस्तांच्या अधिकारांचे कलम सहसा लांबलचक असते: बँक खाते उघडणे, शिक्षक नेमणे, देणग्या स्वीकारणे, इमारत बांधणे, करार करणे, दावे चालवणे. यात अडचण नाही. अडचण 'विश्वस्तांना ट्रस्टची मालमत्ता विकण्याचा, गहाण ठेवण्याचा पूर्ण अधिकार राहील' या वाक्याने होते. डीडमध्ये काहीही लिहिले असले तरी स्थावर मालमत्तेची विक्री, अदलाबदल किंवा बक्षीसपत्र करायला कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते. शेतजमीन दहा वर्षांपेक्षा जास्त आणि बिगरशेती जमीन किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायची तरीही लागते. मंजुरीशिवायचा व्यवहार कायद्याने ग्राह्य नाही. कर्ज काढायलाही पूर्वमंजुरी हवी, हे कलम ३६अ मध्ये आहे. शाळेच्या बससाठी कर्ज घेताना हे हमखास विसरले जाते. म्हणून अधिकाराच्या वाक्याला 'कायद्याखालील आवश्यक त्या पूर्वमंजुरीस अधीन राहून' ही शेपटी जोडा. बँक खात्यासाठी 'कोणत्याही दोघांच्या संयुक्त सहीने, त्यातील एक खजिनदार' असे लिहिलेले बरे.

उत्तराधिकाराचे कलम एका उदाहरणाने बघू. समजा, एका निवृत्त मुख्याध्यापकांनी पाच विश्वस्तांचा ट्रस्ट केला. डीडमध्ये एवढेच होते: 'सर्व विश्वस्त तहहयात राहतील. संस्थापकांनंतर त्यांचे ज्येष्ठ चिरंजीव विश्वस्त होतील. सभेची गणसंख्या तीन राहील.' पुढे संस्थापक आणि आणखी एक विश्वस्त वारले. तिसऱ्या बाई मुलीकडे परदेशी गेल्या. राजीनामा दिला नाही. ज्येष्ठ चिरंजीवांना शाळेत रस नव्हता, त्यांनी संमतीपत्रावर सही केली नाही. उरले दोन, गणसंख्या तीन. सभाच वैध होत नाही, मग नवा विश्वस्त नेमणार कसा? आता मार्ग राहतो तो धर्मादाय आयुक्तांकडे कलम ४७ खाली नवे विश्वस्त नेमण्याचा अर्ज करण्याचा, किंवा कलम ५०अ खाली ट्रस्टसाठी योजना, म्हणजे कारभाराची नियमावली, करून घेण्याचा. दोन्ही मार्गांत सुनावण्या आहेत आणि तोवर शिक्षकांच्या पगाराचा धनादेश कोणाच्या सहीने काढायचा हा प्रश्न रोज उभा राहतो.

हेच कलम असे लिहिले असते तर: 'विश्वस्तांची संख्या पाचपेक्षा कमी व नऊपेक्षा जास्त असणार नाही. विश्वस्ताचा कार्यकाळ पाच वर्षे राहील व फेरनेमणूक करता येईल. मृत्यू, लेखी राजीनामा, दिवाळखोरी, नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा, किंवा लेखी सूचना मिळूनही लागोपाठ तीन सभांना गैरहजेरी, या कारणांनी जागा रिक्त होईल. उरलेल्या विश्वस्तांनी साठ दिवसांच्या आत बहुमताने जागा भरावी. उरलेल्यांची संख्या गणसंख्येपेक्षा कमी असली तरी, केवळ रिक्त जागा भरण्यापुरते, ते एक असले तरी सभा वैध समजावी.' या शेवटच्या वाक्यावर ते दोघे विश्वस्त सभा घेऊ शकले असते. गैरहजेरीच्या अटीमुळे परदेशी गेलेल्या बाईंची जागाही रीतसर रिक्त करता आली असती.

घरातला माणूस विश्वस्त राहावा ही संस्थापकाची इच्छा समजण्यासारखी आहे. ती 'संस्थापकाच्या कुटुंबातील एक व्यक्ती, तिच्या लेखी संमतीने, विश्वस्तांनी निवडावी' अशी लिहा. संमती मिळाली नाही तर ती जागा सर्वसाधारण रीतीने भरावी, हेही जोडा. तहहयात पदे ठेवायची तर कोणती आणि किती हे स्पष्ट लिहा. २०२५ सालच्या कायदादुरुस्तीनंतर, डीडमध्ये तशी स्पष्ट तरतूद नसेल तर तहहयात विश्वस्त एकूण संख्येच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त ठेवता येत नाहीत.

डीड मुद्रांकावर करून त्यावर संस्थापक, विश्वस्त आणि दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या की तीन महिन्यांच्या आत कलम १८ खाली नोंदणीचा अर्ज करायचा असतो. ज्या भागात ट्रस्टचे कार्यालय किंवा मालमत्तेचा मोठा हिस्सा आहे, तिथल्या धर्मादाय उपायुक्त किंवा सहायक आयुक्तांकडे तो जातो. सोबत डीडची प्रत, सर्व विश्वस्तांची संमतीपत्रे, आधार आणि पॅनच्या प्रती, छायाचित्रे, अर्जदाराचे प्रतिज्ञापत्र आणि कार्यालयाच्या जागेच्या मालकाचे ना हरकत पत्र जोडतात. या ना हरकत पत्रावर अर्ज खूप वेळा अडतो: वीजबिल वडिलांच्या नावावर, पत्र मुलाच्या सहीचे. ज्याच्या नावे सातबारा, मिळकतपत्रिका किंवा बिल आहे त्याचीच सही घ्या. नावाचे स्पेलिंगही डीड, आधार आणि पॅनवर एकच असू द्या. पुढे कलम १९ खाली चौकशी होते, आदेश होतो आणि नोंदवहीत नोंद होऊन क्रमांक मिळतो. ट्रस्टच्या क्रमांकाआधी 'ई' आणि सोसायटीच्या क्रमांकाआधी 'एफ' हे अक्षर असते. प्राप्तिकर सवलतीचा अर्ज वेगळा, तो यानंतर करतात.

नोंदणीनंतर विश्वस्त बदलला की कलम २२ खाली नव्वद दिवसांत बदल अर्ज, म्हणजे चेंज रिपोर्ट, दाखल करायचा. सोबत सभेची सूचना, ती सगळ्यांना पोचल्याचा पुरावा, ठरावाची प्रत, मृत्यूचा दाखला किंवा राजीनामा आणि नव्या विश्वस्ताची संमती. उशीर झाला तर विलंबमाफीचा अर्ज जोडावा लागतो, आणि दहा-बारा वर्षांचे बदल साचले की प्रत्येक बदलासाठी त्या त्या वेळचे इतिवृत्त शोधावे लागते. पहिल्या सभेपासून इतिवृत्ताची वही बांधीव ठेवा, पाने क्रमांकित करा आणि सूचना पोचल्याच्या पोचपावत्या त्याच वहीसोबत जपा.