गुडघ्याचा झटका वाढतो तेव्हा दोष नेमका कुठे असतो? एका वादाची पार्श्वभूमी

गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेवर हातोडी मारून पाय उडतो का ते पाहायची पद्धत १८७५ मध्ये वैद्यकात आली. त्या वर्षी दोन जर्मन डॉक्टरांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे तिचं वर्णन केलं, आणि ते एकाच नियतकालिकात छापून आलं. निरीक्षण एकच असलं तरी अर्थावर दोघांचं जमलं नाही. एकाच्या मते ही मज्जारज्जूतून फिरून येणारी प्रतिक्षिप्त क्रिया होती. दुसऱ्याच्या मते ताणलेला स्नायू जागच्या जागीच आखडत होता. मज्जारज्जूपर्यंत जाऊन परत यायला इतका कमी वेळ पुरणार नाही, असंही पुढे या बाजूने म्हटलं गेलं.

आज हा हिशेब सहज मांडता येतो. प्रौढ माणसात मांडीच्या पुढच्या स्नायूपासून कमरेच्या मज्जारज्जूपर्यंतचं अंतर साधारण अर्धा मीटर भरतं. या वाटेवरच्या जाड तंतूंमधून संदेश सेकंदाला साठेक मीटर वेगाने जातो. म्हणजे जायला आठ मिलिसेकंद आणि यायला तितकेच. स्नायूत संवेदना उमटायला आणि शेवटी चेता-स्नायू जोडावरून संदेश पार व्हायला आणखी दोन-तीन मिलिसेकंद धरले, की बेरीज एकोणिसाच्या आसपास येते. प्रत्यक्षात मोजलेला वेळ सुमारे २० मिलिसेकंद असतो. उरलेल्या फटीत जेमतेम एक सायनॅप्स, म्हणजे दोन चेतापेशींमधला एक जोड, बसतो. आत येणारा चेतातंतू थेट स्नायूला हुकूम देणाऱ्या मोटर न्यूरॉनला भिडतो, मध्ये दुसरी पेशी नाही, हे विद्युत नोंदींनी १९४० च्या दशकात पक्कं केलं. त्याआधी, १८९० च्या दशकातच, प्राण्यांमध्ये मज्जारज्जूत शिरणारी संवेदी मुळं कापली की झटका जातो हे दिसलं होतं. त्यामुळे पहिला वाद प्रतिक्षिप्त क्रियेच्या बाजूने मिटला.

झटका वाढतो तेव्हा दोष नेमका कुठे असतो, हा दुसरा वाद मात्र जास्त गुंतागुंतीचा आहे. त्याचं एक उत्तर चुकीचं ठरूनही कित्येक वर्षं शिकवलं जात राहिलं, म्हणून त्याला इथे अधिक जागा देतो.

मसल स्पिंडल म्हणजे स्नायूच्या आत, इतर तंतूंना समांतर बसलेली काही मिलिमीटर लांबीची बारीक रचना. स्नायू ताणला की तीही ताणली जाते आणि तिच्या मधल्या भागाभोवती गुंडाळलेला जाड संवेदी तंतू संदेश पाठवतो. विशेष म्हणजे तिच्या दोन्ही टोकांना स्वतःचे छोटे स्नायूतंतू असतात आणि त्यांना गॅमा नावाचे वेगळे, पातळ मोटर तंतू येतात. गॅमा तंतू चालू झाले की टोकं आखडतात, मधला भाग आधीच ताणून राहतो, आणि स्पिंडल जास्त संवेदनशील होते. हे काम १९४५ च्या सुमारास उलगडलं.

इथून एक मोहक तर्क निघाला. पक्षाघातानंतर किंवा मज्जारज्जूच्या इजेनंतर गुडघ्याचा झटका जोरदार होतो आणि पाय ताठरतो. वरून येणारा लगाम सुटल्याने गॅमा तंतू अतिसक्रिय होत असतील, स्पिंडल नको इतकी तल्लख होत असेल आणि म्हणून झटका वाढत असेल, असं मानलं गेलं. मेंदूचा वरचा भाग तोडलेल्या मांजरांमध्ये गॅमा तंतू खरोखरच जास्त चालतात, हा आधार होता. रुग्णांमध्येही प्रोकेन हे बधिर करणारं औषध पातळ करून टोचलं की ताठरपणा उतरायचा, पण हालचालीची ताकद बरीचशी टिकायची. पातळ तंतू आधी बधिर होतात, म्हणून गॅमाच दोषी, असा निष्कर्ष निघाला. पण त्याच जाडीचे काही संवेदी तंतूही त्या औषधाने बधिर होतात, या मुद्द्याला मिळायला हवं होतं तितकं वजन मिळालं नाही.

खरी कसोटी १९६० च्या दशकाअखेरीस शक्य झाली. जाग्या माणसाच्या नसेत केसासारखी बारीक टंगस्टनची सुई घालून एकेका तंतूची नोंद घेण्याचं तंत्र आलं. स्पिंडलकडून येणाऱ्या तंतूंच्या नोंदी ताठर स्नायू असलेल्या रुग्णांत आणि निरोगी माणसांत घेऊन तुलना केली, तेव्हा सारख्याच ताणाला दोन्हीकडची उत्तरं साधारण सारखी निघाली. अशा नोंदी थोड्याच तंतूंच्या असतात आणि बहुतेक सैल पडलेल्या स्नायूतल्या असतात, ही मर्यादा आहेच. तरीही गॅमा हे मुख्य कारण आहे, असं म्हणायला त्यानंतर आधार उरला नाही. स्पिंडल नेहमीइतकाच संदेश पाठवते. मज्जारज्जू त्याला जास्त उत्तर देतो.

असं का, याचे दोन धागे पुढे सापडले. आत येणाऱ्या तंतूच्या टोकावर, सायनॅप्सच्या अलीकडे, जो अडसर एरवी असतो तो ढिला पडतो. शिवाय मोटर न्यूरॉन स्वतःच बदलतो: थोड्याशा उत्तेजनेने त्याच्यात टिकून राहणारे विद्युतप्रवाह सुरू होतात आणि तो बराच वेळ धगधगत राहतो. एका जुन्या निरीक्षणाचा अर्थही यातून लागतो. मज्जारज्जूला अचानक मोठी इजा झाली की इजेच्या खालचे झटके आधी पूर्ण जातात आणि वाढतात ते पुढच्या काही आठवड्यांत. नुसता लगाम सुटला असता तर ते लगेच वाढले असते. इथे मज्जारज्जूची हळूहळू नवी जुळणी होत असते. म्हणूनच पहिल्या काही दिवसांत झटका नाही म्हणून दोष नसेतच आहे, असं समजणं धोक्याचं ठरतं.

तपासणीच्या खोलीत याचा उपयोग कसा होतो, ते एका उदाहरणातून पाहू. ब जीवनसत्त्व १२ ची दीर्घ कमतरता असलेला माणूस पायाला मुंग्या आणि चालताना तोल जाणं अशा तक्रारी घेऊन येतो. गुडघ्याचे झटके दोन्हीकडे जोरदार आहेत, आणि एका गुडघ्यावर मारलं तर दुसऱ्या मांडीचा आतला स्नायूही आखडतो. पण घोट्याचे झटके मिळत नाहीत. दात आवळायला आणि बोटं एकमेकांत अडकवून ओढायला सांगितलं, तरीही मिळत नाहीत. हा उपाय केल्याशिवाय झटका नाही असं लिहू नये. तळव्यावर रेघ ओढली की अंगठा वर जातो.

एकाच पायात वाढलेला आणि गेलेला झटका विसंगत वाटतो. पण स्नायूपासून मज्जारज्जूपर्यंत जाऊन परत येणाऱ्या वर्तुळांपैकी घोट्याच्या वर्तुळाची वाट सर्वांत लांब आहे, आणि अशा आजारात लांब तंतू आधी झिजतात. तिथे वर्तुळच तुटलं आहे. गुडघ्याचं वर्तुळ आखूड आणि अजून शाबूत आहे, मात्र मेंदूकडून मज्जारज्जूत उतरणारे तंतू बिघडल्याने त्याचं उत्तर वाढलं आहे. अंगठा वर जाणं आणि झटका पलीकडे पसरणं या दोन खुणा नसत्या, तर नुसत्या जोरदार झटक्यावरून काही ठरवता आलं नसतं. घाबरलेल्या माणसात किंवा थायरॉइड वाढलेल्यात दोन्ही गुडघे असेच उडतात, आणि काही निरोगी माणसांत ते जन्मभर मिळतच नाहीत. डाव्या-उजव्यात फरक असेल तर मात्र शोध घ्यावाच लागतो. फक्त उजव्या गुडघ्याचा झटका गेलेला असेल आणि घोटा ठीक असेल, तर कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या मुळाकडे किंवा मांडीच्या पुढच्या नसेकडे आधी पाहतात.