बरी झालेली घोडी आणि बरी दिसणारी घोडी

माळेगावच्या यात्रेतून आणलेली वरातीची घोडी. आठवड्याच्या आत ताप १०४ वर गेला, नाकातून पिवळा शेंबूड आला आणि जबड्याखाली लिंबाएवढी गाठ धरली. स्ट्रँगल्सच, घोड्यांच्या गळ्यातल्या गाठी पिकवणारा सांसर्गिक आजार. पुढं गळू फुटलं, वाटीभर पू गेला आणि घोडी चंदीवर तुटून पडली. महिन्याभरात जखमेवर केससुद्धा आले. मालक म्हणाले, "डॉक्टर, आता बांधू का बाकीच्यांत?" मी थांबा म्हटलं, पण त्यांनी बांधलीच. दहा दिवसांनी शेजारचं शिंगरू तापलं.

मालकांचं चुकलं ते एवढंच, की त्यांनी बाहेरचं गळू पाहिलं. जबड्याखालचा पू जमिनीवर पडतो आणि विषय संपतो. पण घशामागेही गाठी असतात, त्या फुटल्या की पू गटरल पाऊचमध्ये उतरतो. या कानाच्या नळीला जोडलेल्या हवेच्या पिशव्या, डोक्यात दोन्ही बाजूंना एकेक. बहुतेक घोड्यांत त्या आपोआप रिकाम्या होतात. शंभरातल्या साधारण दहांमध्ये मात्र पू तिथंच राहतो, घट्ट होतो, वाळून त्याचे खडे बनतात आणि जंतू महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं जगतात. अशी घोडी मधूनमधून नाकावाटे जंतू टाकते. ताप नाही, शेंबूड नाही, गाठ नाही.

म्हणून खरंच बरी झालेली आणि बरी दिसणारी, या दोघींना नुसत्या नजरेनं वेगळं करता येत नाही. रक्त तपासूनही नाही, कारण आजार होऊन गेल्याच्या खुणा दोघींच्याही रक्तात सापडतात. सगळी लक्षणं गेल्यावर किमान तीन आठवडे थांबायचं, मग दुर्बिणीनं दोन्ही पिशव्या पाहायच्या, त्या सलाइननं धुवायच्या आणि ते पाणी जंतूंचा डीएनए शोधणाऱ्या पीसीआरला व जिवंत जंतू वाढवून पाहणाऱ्या कल्चरला पाठवायचं. दुर्बीण नसेल तर नाकाच्या मागच्या भागाचं धुवण आठवड्याच्या अंतरानं तीनदा घ्यायचं आणि तिन्ही स्वच्छ यायला हवीत. एकदाच स्वच्छ आलं तर काही सिद्ध होत नाही, त्या दिवशी जंतू बाहेर पडलेच नसतील. पीसीआर मेलेल्या जंतूंचाही माग दाखवतो, हे खरं. तरी कल्चर स्वच्छ आणि पीसीआर पॉझिटिव्ह असा निकाल आला, तर पिशव्या पाहून होईपर्यंत मी घोडी वेगळीच ठेवतो.

या घोडीच्या डाव्या पिशवीत सात-आठ खडे निघाले. ते काढले, पिशवी धुतली, आत पेनिसिलिन सोडलं. पुन्हा तपासणी होईपर्यंत ती गोठ्याच्या पलीकडं लिंबाखाली एकटी आहे. तिची बादली आणि म्होरकी वेगळी, नोकर बाकीच्यांचं आवरून शेवटी तिच्याकडं जातो. लग्नतिथी बुडाल्या म्हणून मालक नाराज आहेत. पण तिच्या तोबऱ्याला त्यांनी लाल चिंधी बांधलीय, चुकून दुसऱ्याच्या तोंडाला लागू नये म्हणून.