भांडणाची पहिली ३ मिनिटं

‘नवरा-बायकोचं भांडण ३ मिनिटं ऐकून घटस्फोट होणार की नाही ते अचूक सांगणारा शास्त्रज्ञ’ अशी पोस्ट फॅमिली ग्रुपवर अधूनमधून फिरत येते. शास्त्रज्ञ खरा आहे. जॉन गॉटमन, सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ. सिबिल कारेर यांच्यासोबतचा त्यांचा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. १२४ नवविवाहित जोडप्यांना त्यांच्यातल्याच एका वादाच्या विषयावर १५ मिनिटं बोलायला सांगून त्याचं चित्रीकरण केलं होतं. पुढच्या ६ वर्षांत त्यातली १७ जोडपी वेगळी झाली. त्यांच्या फिती पहिल्या ३ मिनिटांतच वेगळ्या दिसत होत्या: कडवटपणा जास्त, आपुलकी कमी.

आता ‘अचूक भविष्य’. १२४ पैकी १०७ संसार टिकले, म्हणजे काहीही न बघता ‘सगळ्यांचं छान होईल’ म्हटलं असतं तरी ८६ टक्के बरोबर ठरलं असतं. पत्रिका जुळवणाऱ्यांची ख्याती याच गणितावर उभी असते. शिवाय तिखट सुरुवातीमुळे संसार मोडला, की आधीच विटलेल्या संसारात सुरुवात तिखट होते, हे या अभ्यासावरून ठरत नाही. पण सुरुवातीच्या त्या मिनिटांत शरीरात काय होतं, ते भलतंच रंजक आहे.

समजा, वीजबिलाची मुदत काल संपली. भरायचं काम संदीपकडे होतं. मीनल म्हणते, “तुला कधीच काही लक्षात राहत नाही. बेजबाबदार आहेस, पहिल्यापासूनच.” यातलं बिल कुठे गेलं? संदीपला आता स्वतःचा स्वभाव वाचवायचा आहे, आणि ‘कधीच’ खोडून काढायला त्याला एकच उदाहरण पुरतं. “गेल्या महिन्यात कोणी भरलं होतं मग?” झालं, बिल तसंच पडून.

इकडे त्याच्या छातीत काय चाललंय? हृदयाचे ठोके ठरवणारी पेशींची एक गाठ हृदयातच असते. तिला एकटं सोडलं तर ती मिनिटाला साधारण १०० ठोके देते. एरवी आपली नाडी सत्तरच्या आसपास राहते, कारण मेंदूकडून येणारी व्हेगस नावाची नस तिला सतत आवरून धरते, ब्रेकवर हलका पाय ठेवावा तसा. टोचणारं काही ऐकलं की आधी हा ब्रेक सुटतो. एका-दोन ठोक्यांत नाडी चढते, आणि धोका नाही असं दिसलं तर तितक्याच झटकन उतरते. कारण व्हेगसचं रसायन, असिटिलकोलिन, विकरं क्षणात तोडून टाकतात.

शंभराच्या पुढे जायला मात्र दुसरी यंत्रणा लागते, लढा-किंवा-पळाची. तिचं नॉरअ‍ॅड्रेनलिन कामाला लागायला काही सेकंद घेतं आणि ओसरायला कितीतरी जास्त वेळ. वर मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी रक्तात अ‍ॅड्रेनलिन सोडतात. बसल्या जागी नाडी शंभरावर गेलेल्या माणसाला समोरच्याचं नीट ऐकू येत नाही, विनोद सुचत नाही, तो तेच तेच बोलतो किंवा भिंतीसारखा गप्प होतो, असं गॉटमन यांचं निरीक्षण आहे. म्हणून चौथ्या मिनिटाला “बरं, शांतपणे बोलू” म्हणणं बहुधा उशिराचं असतं.

आता दुसरी सुरुवात. “बिलाची तारीख काल गेली. दंड लागेल म्हणून मला टेन्शन आलंय. जेवायच्या आधी भरशील का?” एक घटना, स्वतःला काय वाटलं ते, आणि होकार-नकार देता येईल अशी एक मागणी. संदीप खजील होईल, नाडी थोडी चढेलही. पण बचाव करण्यासारखं फारसं काही नाही, मोबाइल उचलून बिल भरता येतं.

यात फसवी नक्कलही असते. “मला असं वाटतं की तू आळशी आहेस” हे ‘मला वाटतं’ लावूनही स्वभावावरचाच वार आहे. आपलं वाक्य तपासायचं तर बघावं: त्याला तारीख देता येते का? बिल काल राहिलं; आळशीपणाला तारीख नसते. एका तक्रारीला मागची चार जोडली, तरी तिचा स्वभावावरचा आरोप होतो. आणि घरात मारहाण किंवा धाक असेल, तर प्रश्न वाक्यरचनेचा नाहीच. तिथे आधी सुरक्षितता बघायची.

नाडी चढलीच तर किमान २० मिनिटं थांबावं, असं गॉटमन सांगतात, आणि परत कधी बोलायचं ते सांगूनच उठावं. त्या वेळात दुसऱ्या खोलीत जाऊन मनातल्या मनात उत्तरं रचत बसलं, तर नाडी उतरत नाही. भाजी निवडा, मासिक चाळा, जिन्यावरून एक चक्कर मारा. बिल तोवर कुठे पळत नाही.