अपूर्णांकांची बेरीज: पाचवीच्या वर्कशीटबरोबर पालकांसाठी

या आठवड्यात मुलांच्या फाइलमध्ये भिन्नच्छेद अपूर्णांकांच्या बेरजेचं वर्कशीट ठेवलं आहे. भिन्नच्छेद म्हणजे ज्यांचे खालचे आकडे वेगवेगळे आहेत ते. दरवर्षी याच वर्कशीटच्या वेळी आम्हाला सगळ्यात जास्त फोन येतात आणि तक्रार एकच असते: "आम्ही सोपी रीत दाखवली तर मूल म्हणतं, बाई असं करत नाहीत."

तुमची ती सोपी रीत आम्हाला ठाऊक आहे. तिरका गुणाकार करायचा, बेरीज वर लिहायची, छेदांचा गुणाकार खाली. ती चुकीची नाही, उत्तर बरोबरच येतं. तरीही या वर्कशीटपुरती ती बाजूला ठेवा. कारण चौथ्या गणितात दिसेल.

तिथे १/४ + ३/८ अशी बेरीज आहे. तिरक्या गुणाकाराने वर ८ + १२ म्हणजे २० आणि खाली ३२ येतात. आता मुलाला २०/३२ पट्टीवर दाखवायचं आहे आणि वर्कशीटवरच्या पट्टीचे भाग आठच आहेत. तिथे मूल अडतं. शिवाय ही रीत एकदा हातात बसली की पुढे गुणाकाराच्या गणितातही मुलं तिरकीच रेघ मारतात. ती सवय मोडायला फार वेळ जातो.

आम्ही वर्गात कागदाची पट्टी वापरतो. घरीही एक करून घ्या. साध्या ए-फोर कागदाच्या लांब बाजूने २४ सेंटिमीटरची पट्टी कापा. २४ च का, तर २, ३, ४, ६, ८ आणि १२ यांनी २४ ला नि:शेष भाग जातो. मग १/४ म्हणजे ६ सेंटिमीटर आणि १/८ म्हणजे ३ सेंटिमीटर. पोळी कापून दाखवू नका. पोळीचे सारखे सहा तुकडे आपल्यालाही जमत नाहीत, आणि तुकडे सारखे नसतील तर सगळाच घोळ.

आता मुलाला एवढंच विचारा: "चौथाईच्या एका तुकड्यात आठवे भाग किती बसतात?" पट्टीवर मोजून ते सांगेल, दोन. म्हणजे १/४ चेच २/८ झाले. तुकड्याचे दोन केले म्हणून वरचा आकडा दुप्पट, आणि पूर्ण पट्टीचे भागही दुप्पट झाले म्हणून खालचाही दुप्पट. आता दोन्हीकडे आठवेच भाग आहेत, तेव्हा २ आणि ३ मिळून ५. उत्तर ५/८. खालचा ८ बदलत नाही, कारण तो तुकड्याचा आकार सांगतो आणि बेरीज करताना तुकड्यांचा आकार बदलत नाही.

बरीच मुलं इथे ४/१२ लिहितात: वरचे वर मिळवले, खालचे खाली. "चूक" म्हणून खोडू नका, मोजायला लावा. २४ सेंटिमीटरच्या पट्टीवर ३/८ म्हणजे ९ सेंटिमीटर, आणि ४/१२ म्हणजे ८. "अरे, ९ मध्ये अजून भर घातली आणि पट्टी आखूड झाली?" हा प्रश्न पुरतो. मग मूल स्वतःच खोडतं.

सातवं गणित २/३ + १/४ थोडं निराळं आहे. इथे तिसऱ्या भागात चौथे भाग पुरे बसत नाहीत, म्हणून दोन्हींना चालेल असा तुकडा शोधायचा. मुलाला ३ चा आणि ४ चा पाढा शेजारी शेजारी म्हणायला लावा, दोन्हींत पहिल्यांदा भेटणारा आकडा १२. मग ८/१२ आणि ३/१२ मिळून ११/१२. यालाच तुम्ही लसावि म्हणता हे खरं, पण तो शब्द आत्ता नको. पाढे पुरतात.

नवव्या गणितात पाचवे भाग आले आहेत. २४ ला ५ ने भाग जात नाही, तिथे पट्टी २० सेंटिमीटरची घ्या.

बोलण्याचंही थोडं. ३/८ ला वर्गात आम्ही "तीन छेद आठ" म्हणतो. घरी "थ्री अपॉन एट" म्हणत असाल तर तेच म्हणा, पण एका बैठकीत एकच. पाव, अर्धा, पाऊण हे शब्द मात्र मुद्दाम वापरा, फक्त "पाव म्हणजे काय?" यावर एखादं मूल "वड्याबरोबरचा" म्हणालं तर दचकू नका. आमच्याकडे दरवर्षी कोणीतरी म्हणतंच.

उत्तर ६/८ असंच राहिलं, ३/४ केलं नाही, तरी या वर्कशीटवर गुण कापत नाही. संक्षिप्त रूप पुढच्या वर्कशीटमध्ये आहे. एखादं गणित अडलं तर सोडवून देऊ नका. मुलाने जिथवर केलं तिथे पेन्सिलने रेघ मारून फाइल तशीच पाठवा, अडलंय कुठे ते आम्हाला त्यावरून कळतं.